दोन चमचे क्रीम: पाचपाखाडीतल्या एका सूपच्या कॅलरींचा हिशोब

काकूंच्या आहाराच्या वहीत रात्रीच्या रकान्यात एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती: "व्हेज सूप, १ बाऊल". पुढचा कॅलरींचा आकडा मात्र कधी ६५ असायचा, कधी २१०. सूप तेच, करणारी सून तीच आणि बाऊलही तोच. ६५ हा आकडा काकूंच्या मोबाइलवरच्या ॲपचा होता, २१० सुनेच्या मोबाइलवरच्या दुसऱ्या ॲपचा. ज्या दिवशी जो मोबाइल हाताशी, त्या दिवशी तो आकडा वहीत.

काकू एकसष्ट वर्षांच्या, ठाण्यात पाचपाखाडीला राहतात. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं आणि मी त्यांचं रात्रीचं जेवण ३५० ते ४०० कॅलरींत बसवलं होतं. एवढ्या लहान ताटात ६५ आणि २१० मधला फरक फार मोठा होतो. सूप ६५ चं धरलं की काकू वर दोन पोळ्या आणि भाजी घेत. २१० चं धरलं की एका पोळीवर उठत आणि अकरा वाजता डबे उघडत. म्हणून या सूपचा खरा आकडा काढायचं ठरवलं. त्यासाठी त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून, सूनबाई नेहमी करतात तसंच सूप होऊ देऊन, प्रत्येक जिन्नस वजनकाट्यावर ठेवला.

ॲपमधले दोन्ही आकडे तसे चुकीचे नव्हते. एकात पातळ, बिनक्रीमचं सूप आणि वाटीएवढं माप धरलेलं होतं, दुसऱ्यात हॉटेलसारखं भरपूर क्रीमचं सूप आणि मोठा बाऊल. काकूंच्या घरचं सूप यांपैकी कुठलंच नव्हतं. घरच्या पदार्थाला तयार आकडा लावता येत नाही. तो पातेल्यात काय काय गेलं त्यावरूनच बेरीज करून काढावा लागतो.

भाज्या आदल्या दिवशी जांभळी नाक्याच्या मंडईतून आल्या होत्या. सूनबाईंनी उत्साहाने भाजीवाल्याने दिलेली वजनंच सांगायला सुरुवात केली: दुधी अर्धा किलो, मटार पाव किलोला थोडे कमी. ती वजनं मी घेतली नाहीत. शेंगांसकट १८० ग्रॅम असलेले मटार सोलल्यावर ८० ग्रॅम भरले. दुधीचं साल, देठ आणि मधला जून बियांचा भाग गेल्यावर ३०० ग्रॅम उरला. पोषणमूल्यांच्या तक्त्यात दर १०० ग्रॅमचा आकडा असतो तो खाण्याजोग्या भागाचा, पिशवीतल्या भाजीचा नाही. त्यामुळे सोलून, चिरून, पातेल्यात टाकायच्या क्षणी जे वजन असेल तेच धरायचं. आणि कच्च्या भाजीचं वजन केलं असेल तर तक्त्यातही कच्च्या भाजीचीच ओळ बघायची. उकडलेल्या गाजराची ओळ वेगळी असते आणि तिचा आकडा वेगळा असतो.

आपल्याकडच्या भाज्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते हा चांगला आधार आहे. वापरताना एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवायला हवी: त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. ४.१८ ने भागल्यावर आपल्या नेहमीच्या कॅलरी मिळतात. न भागता आकडे उतरवले तर भाज्यांचं सूप एकदम चौपट जड दिसतं. कुणाच्या हिशोबात १०० ग्रॅम गाजराला शंभराच्या वर कॅलरी दिसल्या की मी आधी हेच विचारते.

मी गोल केलेले आकडे घेतले, कारण दोन गाजरांतही तेवढा फरक असतोच. काकूंच्या पातेल्यात गेलं ते असं:

| भाजी | सोललेली, ग्रॅम | १०० ग्रॅमला कॅलरी | एकूण कॅलरी |
|---|---|---|---|
| दुधी | ३०० | १५ | ४५ |
| टोमॅटो | २५० | २० | ५० |
| गाजर | २१० | ४० | ८४ |
| बटाटा | १२० | ७५ | ९० |
| कांदा | ११० | ४० | ४४ |
| मटार | ८० | ८० | ६४ |
| लसूण | १० | १५० | १५ |

एक किलोच्या वर भाजी, आणि बेरीज ३९२. यातल्या ३०० ग्रॅम दुधीचे ४५ आणि १२० ग्रॅम बटाट्याचे ९० बघून काकूंना आश्चर्य वाटलं. बटाटा सूनबाई दाटपणासाठी घालतात, कॉर्नफ्लोअर घालावं लागत नाही म्हणून. त्यात काही वावगं नाही. फक्त "आज बटाटा जरा जास्त पडला" हे वहीत लिहायला हवं, दुधी जरा जास्त पडला तर लिहायची गरज नाही.

आता स्टॉक. सूनबाई कोबीचा दांडा आणि बाहेरची पानं, गाजराची टोकं, अर्धा कांदा आणि कोथिंबिरीच्या काड्या पाण्यात मंद आचेवर पाऊण तास उकळतात, गाळतात आणि चोथा टाकून देतात. त्या दिवशी गाळून ८०० ग्रॅम स्टॉक निघाला. याच्या कॅलरी किती? हा प्रश्न अवघड वाटतो, कारण पाण्यात काय उतरलं ते घरी मोजता येत नाही. पण वरची मर्यादा बांधता येते. स्टॉकसाठी घेतलेला सगळा भाजीपाला मिळून २४० ग्रॅम होता, आणि तो सगळाच्या सगळा खाल्ला असता तरी ६५ च्या आसपास कॅलरी झाल्या असत्या. पाण्यात उतरते ती थोडी साखर, क्षार, थोडे विरघळणारे पदार्थ. पिष्ट आणि तंतू बहुतांशी चोथ्यातच राहतात. म्हणून मी २० धरले. माझा अंदाज पूर्ण चुकला आणि खरोखर ६५ उतरल्या असल्या तरी फरक अख्ख्या पातेल्यात ४५ चा, एका बाऊलमध्ये ८ चा. एवढ्यासाठी डोकं शिणवू नये.

स्टॉकची खरी अडचण दुहेरी मोजणीची. पुष्कळ घरांत वेगळा स्टॉक करतच नाहीत. कुकरमध्ये भाज्या उकडतात, त्याच पाण्यासकट मिक्सरमधून काढतात. तिथे ते पाणी म्हणजेच स्टॉक, आणि त्यात उतरलेलं सगळं भाज्यांच्या आकड्यात आधीच धरलेलं असतं. अशा वेळी ॲपमधून "व्हेजिटेबल स्टॉक" अशी वेगळी ओळ जोडली की तेच दोनदा मोजलं जातं. भाजी पातेल्यात राहिली तर स्टॉक शून्य, भाजी गाळून टाकली तर स्टॉकचा लहानसा आकडा, एवढंच बघायचं.

बाजारातला क्यूब वापरत असाल तर त्याच्या वेष्टनावरचा आकडा नीट वाचावा लागतो. कधी तो १०० ग्रॅम क्यूबचा असतो, कधी पाण्यात विरघळवून झालेल्या १०० मिलिलिटरचा. १०० ग्रॅमचा आकडा एका क्यूबला लावला तर दहा ग्रॅमच्या तुकड्याला दोनतीनशे कॅलरी चिकटतात. खरं तर एका क्यूबच्या २५-३० च होतात. क्यूबमध्ये काळजीची गोष्ट कॅलरी नाही, मीठ आहे. बहुतेक क्यूबच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग मीठच असतो, आणि काकूंना रक्तदाबाची गोळी चालू असल्याने घरचा स्टॉक आहे तोच ठेवा, असं मी सुचवलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग फोडणीसारखं लोणी आलं. सूनबाई कांदा-लसूण लोण्यावर परततात. पातेलं काट्यावर ठेवून, काटा शून्य करून त्यांना नेहमीसारखं लोणी घालायला सांगितलं: २० ग्रॅम. विकतच्या लोण्याच्या १०० ग्रॅमला ७२० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे १४४. काकूंच्या वहीत या लोण्याची नोंदच नव्हती. "ते परतायला घालतो ना, सूपमध्ये कुठे घालतो?" असं त्या म्हणाल्या. पण परतलेला कांदा निथळून काढत नाहीत. त्याच पातेल्यात भाज्या आणि स्टॉक पडतो, आणि लोण्याचा थेंबन् थेंब सूपमध्येच उतरतो.

क्रीमबद्दल विचारलं तेव्हा सूनबाई लगेच म्हणाल्या, "दोनच चमचे घालते, मॅडम." वहीतही दोन टेबलस्पून असंच होतं, म्हणजे ३० ग्रॅम. क्रीमचा खोका फ्रिजमधून काढल्या काढल्या काट्यावर ठेवला. आधीचं थोडं वापरलेलं असल्याने १७१ ग्रॅम भरला. मग त्यांनी ओट्यावरचा वाढायचा चमचा घेतला आणि थंड, घट्ट झालेलं क्रीम दोनदा शीग लावून घातलं. चमच्याला चिकटलेलं बोटाने पुसून तेही पातेल्यात टाकलं. खोका परत काट्यावर ठेवला: ८७ ग्रॅम. म्हणजे दोन चमच्यांत ८४ ग्रॅम क्रीम गेलं होतं.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "आणि मी इतके दिवस तीस लिहितेय!"

"आई, चमचे दोनच होते ना पण," सूनबाई म्हणाल्या. त्यांचंही खरं होतं. मोजमापाचा टेबलस्पून १५ मिलिलिटरचा असतो. घरातला वाढायचा चमचा त्याच्या दीडपट-दुप्पट असतो आणि घट्ट क्रीम त्यावर ढिगासारखं उभं राहतं. तेल चमच्यात सपाट राहतं, क्रीम राहत नाही. म्हणून क्रीम चमच्याने मोजूच नये. खोका आधी आणि नंतर काट्यावर ठेवावा, फरक लिहावा. चमच्याला किती चिकटलं, पातेल्यात किती गेलं हा प्रश्नच उरत नाही.

कॅलरींसाठी खोक्यावरची स्निग्धांशाची टक्केवारी बघायची. काकूंकडचं क्रीम २५ टक्क्यांचं होतं. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम स्निग्धांश, प्रत्येकी ९ म्हणजे २२५, आणि दुधातली साखर व प्रथिनं मिळून आणखी वीस-एक, एकूण २४५. ८४ ग्रॅमचे झाले २०६. हेच क्रीम ४० टक्क्यांचं असतं तर १०० ग्रॅमला ३८० च्या घरात गेलं असतं आणि तेवढ्याच दोन चमच्यांचे ३१९ झाले असते. काही घरांत दुधावरची साय घालतात. तिला वेष्टन नाही, आणि दूध कुठलं व साय किती जाड यावर तिचा स्निग्धांश बराच बदलतो. तिथे मी ४० टक्क्यांच्या क्रीमचा आकडा धरते. हिशोब कमी निघण्यापेक्षा थोडा जास्त निघालेला बरा.

पातेल्याची बेरीज अशी झाली: भाज्या ३९२, स्टॉक २०, लोणी १४४, क्रीम २०६, एकूण ७६२. लोणी आणि क्रीम मिळून १०४ ग्रॅम, म्हणजे पातेल्यात घातलेल्या सगळ्या वजनाचा वीसावा भाग, पण कॅलरींचा जवळजवळ निम्मा. या एका गोष्टीमुळे वजन करायची शिस्त कुठे कडक ठेवायची आणि कुठे सैल सोडायची ते कळतं. सगळ्या भाज्यांच्या वजनात दहा टक्के चूक झाली तरी काकूंच्या बाऊलमध्ये ७ कॅलरींचा फरक पडतो. क्रीम ८४ ऐवजी ३० लिहिलं तर २४ चा. लोण्याची नोंद राहिली तर २६ चा. भाजी दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे झाली तर चालेल, स्निग्ध पदार्थ मात्र ग्रॅममध्येच.

आता भागाकार, आणि सगळ्यात मोठी चूक इथे होत होती. घरात चौघं. सूनबाईंनी लगेच ७६२ भागिले ४ केलं: १९०. पण सूप काही चार सारख्या वाटण्यांत संपत नव्हतं. पातेल्यात दुसऱ्या दिवशीसाठी उरत होतं, ते फ्रिजमध्ये जात होतं.

म्हणून माणसांनी भागायचं नाही, तयार सूपच्या वजनाने भागायचं. रिकामं पातेलं सुरुवातीलाच तोलून ठेवलं होतं, ८८० ग्रॅम. सूप मिक्सरमधून काढून, गाळून, क्रीम घालून झाल्यावर पातेल्यासकट वजन केलं: २६१० ग्रॅम. सूप उरलं १७३० ग्रॅम. घातलेलं सगळं मिळून १९८४ होतं. कमी झालेल्यातले ६० ग्रॅम गाळणीत राहिलेला चोथा, म्हणजे टोमॅटोची सालं, बिया, मटारची टरफलं. बाकी वाफ. वाफेबरोबर कॅलरी जात नाहीत, त्या पातेल्यातच राहतात आणि सूप तेवढं दाट होतं. गाळणीतल्या चोथ्याबरोबर थोड्या जातात, पण तो बहुतेक तंतूच असल्याने मी वजा करत नाही.

पातेलं गरम असताना काट्यावर ठेवायचं तर खाली लाकडी पाट किंवा जाड पोळपाट ठेवून काटा शून्य करून घ्यावा. उष्णता थेट काट्याला लागली की आकडा सरकत राहतो. काट्याची कमाल मर्यादाही बघावी, कारण घरगुती काटे बहुधा पाच किलोपर्यंतच मोजतात. आणि रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करायचं राहिलं तर घाबरायचं कारण नाही. घासून झाल्यावर करा, पातेलं तेच असतं.

७६२ भागिले १७३०, म्हणजे १०० ग्रॅम सूपला ४४ कॅलरी. हा एकच आकडा पुढे सगळ्यांना लागू पडतो. काकूंचा खोल चिनी मातीचा बाऊल नेहमीच्या रेघेपर्यंत भरला तर ३१० ग्रॅम सूप मावतं: १३६ कॅलरी. त्यांच्याच घरातली स्टीलची वाटी १५० ग्रॅमची: ६६. ॲपमधला ६५ चा आकडा या वाटीला जवळपास बरोबर बसला असता, पण काकू वाटीने सूप पीत नाहीत.

चौघांनी प्रत्येकी एक बाऊल घेतला, १२४० ग्रॅम संपलं, ४९० उरलं. त्या उरलेल्यात २१६ कॅलरी होत्या. दुसऱ्या दिवशी ते दाट झालं म्हणून पाणी घालून गरम केलं, तरी कॅलरी २१६ च. तेव्हा शिळ्या सूपला १०० ग्रॅमचा जुना आकडा लावायचा नाही. पाणी घातल्यावर नवं वजन करून २१६ ला त्याने भागायचं, किंवा एकट्याने सगळं संपवलं तर सरळ २१६ लिहायचे. नातवाच्या बाऊलवर सूनबाई क्रीमची एक धार सोडतात आणि तळलेले ब्रेडचे तुकडे टाकतात. ते त्याच्याच बाऊलचे, पातेल्याच्या बेरजेत घ्यायचे नाहीत.

काकूंच्या वहीत आता १३५ असं गोल करून लिहिलं जातं. त्याखालचे एक-दोन आकडे खरे नसतातच. पुढच्या वेळच्या टोमॅटोत, बटाट्यात, आचेत तेवढा फरक पडणारच. सूनबाईंचा हात स्थिर आहे, त्यामुळे हा आकडा मी दहा-पंधराच्या फरकाने विश्वासार्ह मानते. लोणी-क्रीम बदललं, बाऊल बदलला किंवा बटाटा दुप्पट केला, तर मात्र बेरीज पुन्हा करायची.

आकडा हाती आल्यावर काकूंनी विचारलं, क्रीमऐवजी दूध घातलं तर? तेवढ्याच ८४ ग्रॅम टोन्ड दुधाचे ४९ होतात, पातेलं ६०५ वर येतं, बाऊल १०८ वर. पण या सूपमध्ये पाव किलो टोमॅटो आहे, आणि आंबट गरम सूपमध्ये पातळ दूध घातलं की ते फाटतं. २५ टक्क्यांचं क्रीम सहसा फाटत नाही, कारण त्यात स्निग्धांश जास्त आणि गोठणारी प्रथिनं कमी असतात. दूधच घालायचं असेल तर त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून, वेगळं गरम करून, गॅस बंद केल्यावर सूपमध्ये सोडावं लागतं. आणि कॉर्नफ्लोअरच्या त्या चमच्याचीही नोंद करावी लागते, साधारण ३० कॅलरी.

दुसरा मार्ग म्हणजे क्रीम ४२ ग्रॅम आणि लोणी १० ग्रॅम, दोन्ही निम्मी. पातेलं ५८७ वर येतं, वजन १६७८ ग्रॅम होतं, १०० ग्रॅमला ३५, बाऊल पुन्हा १०८. दुधाइतकाच फायदा आणि फाटायची भीती नाही. काकूंनी हाच मार्ग धरला. आता रात्री एक बाऊल सूप, दोन लहान पोळ्या आणि भाजी एवढं त्यांच्या ताटात बसतं.